वीज बिलावरील पुरवठ्याचा पत्ता दुरुस्त करण्याबाबत अर्ज

कंग्राळी खुर्द,
ता. जि. बेळगाव.
18 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. सहायक कार्यकारी अभियंता साहेब,
वीजपुरवठा ग्रामीण उपविभाग कार्यालय,
बेळगाव.

प्रत : सेक्शन ऑफिसर साहेब, आमच्या गावचे सेक्शन कार्यालय.

विषय : मासिक बिलावर छापून येणारा गाव ‘कंग्राळी बी.के.’ ऐवजी ‘कंग्राळी के.एच.’ असा दुरुस्त करून मिळण्याबाबत.

ग्राहकाचे नाव : कल्लाप्पा भरमाणी मोरे
आर.आर. नंबर : केकेएच 1147
वापर : घरगुती, सिंगल फेज

महोदय,

मी वरील वीज जोडणीचा ग्राहक असून उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला आहे. माझे राहते घर कंग्राळी खुर्द येथील लक्ष्मी गल्लीत आहे आणि मीटरही त्याच घराच्या पडवीत, दरवाजाच्या डाव्या हाताला बसवलेला आहे. बिलावर मात्र ‘लक्ष्मी गल्ली, कंग्राळी बी.के.’ असा पत्ता छापून येतो. कंग्राळी बुद्रुक हे वेगळे गाव आहे, त्याची ग्रामपंचायत वेगळी आहे आणि तिथे माझे घर, जागा किंवा शेत काहीही नाही.

बाहेरच्या माणसाला ही दोन अक्षरांची चूक किरकोळ वाटेल. पण लक्ष्मी गल्ली दोन्ही गावांत आहे. त्यामुळे चुकीचा पत्ता घेऊन निघालेला माणूस वाटेत कुठे अडत नाही. तो सरळ दुसऱ्या गावातल्या त्याच नावाच्या गल्लीत जाऊन उभा राहतो आणि मोरे नावाचे घर शोधत बसतो.

गेल्या जुलैत नेमके हेच झाले. रात्री पावसात फांदी पडून पोलवरून आमच्या घराकडे येणारी सर्व्हिस वायर तुटली आणि वायरचे टोक गल्लीतल्या पाण्यात लोंबकळू लागले. मी लगेच फोनवर तक्रार नोंदवली, आर.आर. नंबर सांगितला. समोरच्या व्यक्तीने संगणकावर दिसणारा पत्ता घेतला आणि तक्रार त्या पत्त्यावर गेली. लाईनमन भर पावसात बुद्रुकला पोचले, तिथे सगळीकडे लाईट चालू दिसली, म्हणून परत गेले. त्यांचा यात काही दोष नाही, हे मी मुद्दाम लिहितो आहे. रात्री-अपरात्री पोलवर चढणाऱ्या त्या माणसांविषयी आम्हा गावकऱ्यांना आदरच आहे. शेवटी आमच्या गावचे लाईनमन ओळखीने बोलावल्यावर आले, त्यांनी टीसीवरून पुरवठा बंद केला आणि वायर बाजूला घेतली. तोपर्यंत शेजारच्या मुलांना गल्लीत उतरू न देता आम्ही दारात उभे होतो. माझ्या आईला दम्याचा त्रास आहे. रात्री तिला नेब्युलायझर लावावा लागतो, तो त्या रात्री लावता आला नाही. तिला शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात न्यावे लागले. आई आता बरी आहे. पण पुन्हा असा प्रसंग आला तर मदत आमच्याच दारात यावी, एवढ्यासाठी मी हा अर्ज करत आहे. बाकीची कारणे यानंतरची.

चूक कुठून सुरू झाली असावी, हे शोधण्यासाठी मी घरातली जुनी बिले काढून पाहिली. एप्रिल 2024 पर्यंतच्या प्रत्येक बिलावर कंग्राळी के.एच. असेच छापलेले आहे. त्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडून आमचा मीटर जळाला आणि आपल्या कार्यालयाने नवीन मीटर बसवून दिला. त्यानंतरच्या पहिल्या बिलापासून बी.के. येऊ लागले. आमच्या रांगेतल्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे मीटर त्या वेळी बदलले नव्हते आणि त्यांच्या बिलांवर आजही गाव बरोबर आहे. त्यावरून नवीन मीटरची नोंद संगणकात भरताना यादीतले शेजारचे गाव निवडले गेले असावे, असे मला वाटते. मीटर बदलल्याचा अहवाल आपल्या दप्तरी असेल. तो काढून पाहिल्यास खुलासा होईल.

रीडिंगबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. मीटर रीडर दर महिन्याला आमच्याच घरी येतात, मीटरवरचे आकडे पाहून बिल काढून हातात देतात. ते आर.आर. नंबर आणि घरांच्या क्रमाने फिरतात, छापलेला पत्ता वाचत फिरत नाहीत. म्हणूनच ही चूक इतके महिने कोणाच्या लक्षात आली नसावी. युनिट, मीटर नंबर, ग्राहकाचे नाव, मंजूर भार, सगळे बरोबर आहे. थकबाकी काही नाही.

हा अर्ज नाव बदलण्याचा नाही आणि जोडणी दुसऱ्या जागी हलवण्याचाही नाही, हे स्पष्ट करणे मला गरजेचे वाटते. आमची जोडणी गृहज्योती योजनेत नोंदलेली आहे. 2022-23 च्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढ धरून जी मर्यादा ठरली, तिच्या आत आमचा वापर राहतो आणि बिल शून्य येते. पत्ता बदलला म्हणजे ग्राहक घर सोडून गेला, असे समजून संगणकात जुनी जोडणी योजनेतून काढून टाकली जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घर तेच आहे, मीटर तोच आहे, आर.आर. नंबर तोच आहे, राहणारी माणसेही तीच आहेत. फक्त गावाचे नाव दुरुस्त व्हायचे आहे.

तसेच शहराचे नाव बेळगाव छापावे की बेळगावी, याविषयी या अर्जात माझे काहीही म्हणणे नाही. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदांवर जे नाव येते, ते तसेच येऊ दे. माझा अर्ज मराठीत आहे म्हणून त्याचा वेगळा अर्थ घेतला जाऊ नये, यासाठी एवढे लिहिले. मला मराठीत नेमके लिहिता येते म्हणून मूळ अर्ज मराठीत केला आहे. कार्यालयाच्या सोयीसाठी याच मजकुराची कन्नड प्रत सोबत जोडली आहे, तिच्यावरही माझी सही आहे.

आता घाईचे कारण. माझ्या मुलीला यंदा नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे आणि तिच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज बँकेत आहे. बँकेने राहत्या पत्त्यासाठी अलीकडचे वीज बिल मागितले. आधार कार्डावर खुर्द आणि बिलावर बुद्रुक पाहून त्यांनी कागद परत केले. त्यांचेही बरोबरच आहे, दोन कागद दोन गावे सांगत असतील तर कर्ज देणाऱ्याने कोणते खरे धरायचे? बिल शून्याचे असले तरी सामान्य माणसाच्या घरात राहत्या जागेचा दर महिन्याला ताजा मिळणारा कागद हाच एक असतो. घरपट्टीची पावती वर्षातून एकदा मिळते. मुलीची फी भरण्याची मुदत सप्टेंबरअखेर आहे.

यापूर्वी मी सेक्शन कार्यालयात तोंडी सांगितले होते. तेव्हा ‘पुढच्या बिलात होईल’ असे उत्तर मिळाले, पण बिल तसेच आले. फाउंड्रीत पाळीची ड्युटी असल्याने कार्यालयीन वेळेत यायचे म्हणजे माझी हजेरी बुडते. म्हणून आता सर्व कागदांसह लेखी अर्ज देत आहे.

बिलावर छापून यायला हवा तो पत्ता असा :

कल्लाप्पा भरमाणी मोरे,
घर नं. 214, लक्ष्मी गल्ली,
कंग्राळी खुर्द, म्हणजेच कंग्राळी के.एच.,
ता. जि. बेळगाव.

पूर्वीच्या बिलावर घर नंबर नव्हता. दुरुस्ती होतच आहे तर तोही घातल्यास यापुढे दोन लक्ष्मी गल्ल्यांचा घोळ होणार नाही. घर नंबर ग्रामपंचायतीच्या उताऱ्याप्रमाणेच दिला आहे.

ही दुरुस्ती केवळ छापील बिलापुरती न करता ग्राहकाच्या मूळ नोंदीत करावी आणि फोनवरच्या तक्रारी घेणाऱ्यांना संगणकावर जो पत्ता दिसतो, तोही त्याबरोबर बदलला आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. बिल बरोबर झाले आणि तक्रारीच्या नोंदीत जुनेच गाव राहिले, तर जुलैतल्या रात्रीसारखा प्रसंग पुन्हा येईल. आमची जोडणी आमच्याच गावच्या लाईनमनकडे आणि आमच्याच टीसीखाली दाखवलेली आहे का, हेही तपासून घ्यावे, ही विनंती.

जागेची पाहणी करायची असल्यास कोणत्याही दिवशी यावे. मी कामावर असलो तरी घरी आई आणि पत्नी असतात, त्या मीटर दाखवतील. येण्याआधी खात्याला जोडलेल्या माझ्या मोबाईलवर फोन केल्यास मी पाळी बदलून थांबेन. या कामासाठी काही शुल्क असेल तर ते पावती घेऊन भरण्यास मी तयार आहे.

सप्टेंबरच्या बिलावर दुरुस्त पत्ता यावा, अशी विनंती आहे. संगणकातील दुरुस्तीला वरच्या कार्यालयाची मंजुरी लागून वेळ लागणार असेल, तर तोपर्यंत ‘आर.आर. नंबर केकेएच 1147 ची जोडणी प्रत्यक्षात कंग्राळी खुर्द येथे आहे’ एवढा मजकूर आपल्या सही-शिक्क्याने लिहून मिळावा. तो बँकेत दाखवून मुलीचे काम पुढे सरकवता येईल.

या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घालून पोच द्यावी.

आपला विश्वासू,

कल्लाप्पा भरमाणी मोरे
घर नं. 214, लक्ष्मी गल्ली, कंग्राळी खुर्द

सोबत जोडलेले कागद :
एप्रिल 2024 चे बरोबर पत्त्याचे बिल आणि जुलै 2025 चे चुकीच्या पत्त्याचे बिल, दोन्हींच्या झेरॉक्स. चुकीच्या गावाखाली लाल रेघ मारली आहे.
कंग्राळी खुर्द ग्रामपंचायतीची चालू वर्षाची घरपट्टीची पावती आणि ई-स्वत्तूचा नमुना 9 चा उतारा.
आधार कार्डाची झेरॉक्स, पहिले आठ आकडे झाकून.
मीटर आणि दारावरचा घर नंबर एकत्र दिसेल असा फोटो.
शेजारच्या एका घराचे याच महिन्याचे बिल, त्यांच्या संमतीने, गावाचे नाव ताडून पाहण्यासाठी.
अर्जाची कन्नड प्रत.