लशींच्या फ्रीजचा सेन्सर: ९० सेकंदांची अंतिम संहिता

डॉक्टर,

अर्जासोबतच्या व्हिडिओची चार मिनिटांची संहिता दीड मिनिटावर आणली आहे. कंसातल्या सूचना कॅमेऱ्यासाठी आहेत, बाकीचं तुम्ही बोलायचं. मोजून जेमतेम दीड मिनिटाचा मजकूर आहे, त्यामुळे घाई करू नका.

समस्या (०:०० ते ०:२८)

(फ्रीजच्या थर्मामीटरवर ५ अंश. नर्सचा हात वहीत "५" लिहितो.)

सकाळचे ९. तापमान ५ अंश. वहीत नोंद झाली, सगळं ठीक.
पण रात्री २ वाजता याच फ्रीजमध्ये उणे २ अंश होते. त्याची नोंद कुठेच नाही.
बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. हिपॅटायटिस बीसारखी लस एकदा गोठली, की तिचा गुण जातो. वितळल्यावर ती नुसत्या नजरेला पहिल्यासारखीच वाटू शकते. आणि तीच लस बाळाला टोचली जाते.

समाधान (०:२८ ते ०:४८)

(तुमच्या तळहातावर सेन्सर. मग तो लशींच्या शेजारी ठेवताना.)

हा सेन्सर दर ५ मिनिटांनी तापमान मोजतो. ते २ च्या खाली किंवा ८ च्या वर गेलं, की नर्सला फोन जातो. मेसेज नाही, फोन, कारण झोपलेला माणूस मेसेज वाचत नाही.
वीज गेली तरी तो बॅटरीवर चालतो. त्याला वायफाय लागत नाही, आत सिमकार्ड आहे.

पुरावा (०:४८ ते १:१३)

(पडद्यावर एकाच रात्रीचा तापमानाचा आलेख. फोन गेला ती वेळ लाल ठिपक्याने दाखवायची.)

१२ दवाखान्यांत आम्ही तो ६ महिने चालवला. त्याने ३१ वेळा फोन केला. त्यातले २२ फोन रात्रीचे, म्हणजे वहीतल्या दोन नोंदींच्या मधले.
४ फोन विनाकारण गेले, लशी भरताना दार उघडं होतं म्हणून. ते आता दुरुस्त केलं आहे.
चाचणी संपल्यावर १२ पैकी १० दवाखान्यांनी पैसे भरून सेन्सर ठेवून घेतला.

मागणी (१:१३ ते १:३०)

(फक्त तुम्ही, थेट कॅमेऱ्याकडे बघत.)

आता हे १०० दवाखान्यांत वर्षभर चालवायचं आहे. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात: १०० सेन्सर बनवण्याचा खर्च, त्याची रक्कम अर्जात दिली आहे, आणि एखाद्या लस पुरवठादाराशी ओळख. पुढच्या १०० दवाखान्यांपर्यंत आम्ही त्यांच्यामार्फतच पोहोचू.

---

काय गेलं ते सांगते. टीमची ओळख, बाजारपेठेचा आकार, स्पर्धकांचा तक्ता आणि ॲपचे सगळे स्क्रीन. हे अर्जात आहेच, परीक्षक तिथे वाचतील. जुन्या संहितेत फ्रीजमधली अडचण दुसऱ्या मिनिटाला यायची, तोवर बघणाऱ्याला हा सेन्सर कशासाठी आहे तेच कळत नव्हतं. म्हणून आता सुरुवातच वहीतल्या त्या "५" ने आहे.

"आमचं व्यासपीठ अत्याधुनिक तंत्रज्ञानाच्या साहाय्याने शीतसाखळीचं सर्वंकष व्यवस्थापन करतं" हे वाक्य तुम्हाला आवडतं, मला माहीत आहे. त्याच्या जागी "नर्सला फोन जातो" आलं आहे. तुमचं यंत्र नेमकं हेच करतं, आणि हे ऐकल्यावर कुणाला दुसरा प्रश्न विचारावा लागत नाही.

विनाकारण गेलेल्या ४ फोनांचं वाक्य मात्र काढू नका. काल फोनवर तुम्ही म्हणालात, त्याने आपली बाजू लंगडी पडते. मला उलट वाटतं. ३१ पैकी ३१ बरोबर म्हटलं तर बाकीच्या आकड्यांवरही शंका येईल. शिवाय दाराचा प्रश्न परीक्षक विचारणारच, तेव्हा उत्तर आधीच दिलेलं बरं.

मागणीत "सहकार्य", "पाठिंबा", "या प्रवासात सोबत" असं काहीही नको. दोन गोष्टी मागायच्या आणि थांबायचं. बोलणं संपल्यावर दोन क्षण कॅमेऱ्याकडे बघत राहा, म्हणजे मला कापायला जागा मिळेल. ते क्षण ९० सेकंदांत धरलेले नाहीत.

शूटिंगआधी घड्याळ लावून मोठ्याने तीनदा वाचा. वेळ पुढे गेली तर समाधानातलं बॅटरी आणि सिमकार्डाचं बोलणं गाळा, ते पडद्यावर अक्षरांत दाखवता येईल. पुराव्यातला एकही आकडा गाळू नका.