पगाराचे बँक खाते बदलण्याबाबत अर्ज

दिनांक: 11 मे 2026

प्रति,
वेतन विभाग,
मुख्य कार्यालय, नागपूर

मार्फत: व्यवस्थापक, राळेगाव युनिट, जि. यवतमाळ

विषय: मे 2026 च्या पगारापासून बँक खाते बदलून मिळणेबाबत

महोदय / महोदया,

मी प्रमोद सुखदेव धोटे, वजनकाटा लिपिक. माझी वणी युनिटमधून राळेगाव युनिटला बदली झाली असून मी येथे रुजू झालो आहे. माझा पगार अजून बँक ऑफ महाराष्ट्र, वणी शाखेतील खात्यात जमा होतो. ते खाते मी वणीला कामावर असताना उघडले होते. बँकेत काही काम निघाले की आता एसटीने वणी गाठावी लागते आणि त्यात रजेचा अख्खा दिवस जातो. म्हणून मी भारतीय स्टेट बँक, राळेगाव शाखेत बचत खाते उघडले आहे. यापुढे माझा पगार या खात्यात जमा करावा, ही विनंती.

नव्या खात्याचे शेवटचे चार अंक 4417 आहेत. हा अर्ज दोन-तीन टेबलांवरून तुमच्यापर्यंत येणार असल्याने पूर्ण क्रमांक येथे लिहिलेला नाही. तो आणि आयएफएससी कोड सोबतच्या बंद पाकिटातील रद्द केलेल्या चेकवर छापलेला आहे. नोंद कृपया चेकवरूनच घ्यावी. आयएफएससीमध्ये पाचव्या जागी शून्य असतो. हाताने उतरवताना तिथे हमखास इंग्रजी O पडतो. कापसाच्या हंगामात कास्तकारांच्या पासबुकच्या झेरॉक्स माझ्याच टेबलावर तपासल्या जातात. एक अंक इकडचा तिकडे झाला की चुकारा अडकतो आणि माणूस कामधंदा सोडून चकरा मारत बसतो, हे मी दर हंगामात पाहतो.

नावाकडेही लक्ष द्यावे. तुमच्या नोंदीत वडिलांचे नाव Sukhdeo असे आहे, तर आधार आणि नव्या पासबुकवर Sukhdev. माणूस एकच आहे. आधारची प्रत जोडली आहे. तुमच्या नोंदीतही आधारप्रमाणे दुरुस्ती करून घ्यावी, म्हणजे नाव जुळत नाही म्हणून रक्कम परत जायला नको. हे खाते फक्त माझ्या एकट्याच्या नावावर आहे. घरच्या पीककर्जाचे खाते वेगळे आहे, त्याचा पगाराशी संबंध नाही.

मे महिन्याच्या पगाराची मला विशेष काळजी आहे. तो जूनच्या सुरुवातीला येतो आणि तेव्हाच मृग लागतो. घरी पाच एकर वावर आहे. पऱ्हाटी आणि तुरीचे बियाणे, खताच्या बॅगा त्याच पैशातून घ्यायच्या असतात. पाऊस पडल्यावर पैशासाठी थांबता येत नाही. म्हणून महिन्याची यादी बंद होण्याआधीच अर्ज देत आहे. तरीही या महिन्यात बदल होणे शक्य नसेल, तर मेचा पूर्ण पगार जुन्याच खात्यात टाकावा आणि जूनपासून नवे खाते लावावे. मला दोन्ही चालेल. फक्त कोणत्या महिन्यापासून बदल होणार ते आधी कळवावे. जुन्या खात्यातून मोटारसायकलचा हप्ता आणि विम्याचा प्रीमियम आपोआप कापला जातो. दोन्ही नव्या खात्यावर वळवेपर्यंत मी ते खाते बंद करणार नाही, पण त्यात वेळेवर शिल्लक ठेवावी लागेल.

बदलीचा प्रवासभत्ता मिळायचा बाकी आहे. तो, तसेच पुढील बोनस व फरकाची रक्कमही नव्या खात्यातच जमा करावी. कर्मचारी पतसंस्थेची कपात आहे तशीच सुरू राहू द्यावी. भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएनला जोडलेले बँक खाते मी सदस्य पोर्टलवरून वेगळे बदलून घेत आहे.

आणखी एक कळकळीची विनंती आहे. कर्मचाऱ्याच्या नावाने खोटा ईमेल पाठवून पगाराचे खाते बदलून घेण्याचे प्रकार घडतात. त्यामुळे बदल करण्यापूर्वी माझ्या सेवा नोंदीतील मोबाइल क्रमांकावर एकदा फोन करून खात्री करावी. गावात रेंज नसते, त्यामुळे कामाच्या वेळेत, सकाळी दहा ते संध्याकाळी पाचमध्ये फोन केल्यास मी नक्की मिळेन. खाते बदलण्याबाबत माझ्या नावाने दुसरा कोणताही मेल किंवा व्हॉट्सअॅप संदेश आला, तर तो ग्राह्य धरू नये. मी सही करून व्यवस्थापक साहेबांमार्फत दिलेला हा एकच अर्ज खरा आहे.

नोंद झाल्यावर युनिटच्या ईमेलवर पोच द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,

(सही)
प्रमोद सुखदेव धोटे
वजनकाटा लिपिक, राळेगाव युनिट

सोबत: रद्द केलेला चेक आणि नव्या पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत (दोन्ही बंद पाकिटात), आधारची प्रत, बदली आदेशाची प्रत. सर्व प्रतींवर माझी सही आहे.