गाडी, साडी आणि चार्जर

सायली,

हे समोरासमोर बोलायला गेले की तू हसतेस, मीही हसते, मग चहा होतो आणि विषय तिथेच राहतो. दिवाळीच्या आधीपासून असंच चाललंय. म्हणून लिहून पाठवतेय. लांबलंय, ऑफिसात वाचू नकोस. घरी आलीस की सावकाश वाच.

काल बाबांचा फोन आला होता. गाडी त्यांच्या नावावर आहे हे तुला माहीत आहे. एमएच-11 पासिंग आणि आरटीओत मोबाइल नंबरही त्यांचाच, त्यामुळे पुण्यात काहीही झालं तरी ई-चलनाचा मेसेज साताऱ्यात वाजतो. त्यांनी लिंक उघडून फोटो पाहिला आणि मला विचारलं, ‘‘मंगळवारी दुपारी पौड फाट्यावर काय करत होतीस? ऑफिस नव्हतं का? आणि हेल्मेट कुठंय?’’ मी म्हटलं, मी बाणेरलाच होते, काहीतरी चूक झाली असेल. त्यांनी फोटो पाठवला. पाठमोरा आहे. गाडी माझी, पिवळा कलमकारी कुर्ता माझा, कानांवरचे ते मोठे निळे हेडफोनही माझे. डोकं तेवढं तुझं, तेही उघडं. बाबांनी मलाच ओळखलं यात त्यांचा काय दोष?

फोटो पाहून मला आधी हसू आलं, ते नाकारत नाही. मग बाबा म्हणाले, ‘‘तीस वर्षं एसटी चालवली, एक चलन नाही माझ्या नावावर.’’ त्यावर मला काही बोलता आलं नाही. ती मी नाही, एवढंच सांगितलं. तुझं नाव सांगितलं नाही, आणि पुढच्या वेळी सांगायची वेळ यावी अशी माझी इच्छा नाही.

आता गाडीबद्दल सविस्तर सांगते, कारण त्यातलं अर्धं तुला माहीत नसावं आणि मला मात्र रोज तेच काम आहे.

तुझं लर्निंग लायसन्स गेल्या वर्षीचं. ते सहा महिनेच चालतं. पक्कं तू काढलंच नाहीस. म्हणजे आज तू विनालायसन्स चालवतेस. आमच्या विमा कंपनीत मोटारचा क्लेम आला की सर्व्हेअर गाडी बघायला जायच्या आधी मी जे कागद मागते त्यात आरसीच्या बरोबरीने चालवणाऱ्याचं लायसन्स असतं. ते नसेल तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम तिथेच अडकतो. वर्षानुवर्षं वेळेवर हप्ता भरलेला असला तरी. आणि समोरच्याला लागलं तर गोष्ट आणखी लांबते. अशा कित्येक प्रकरणांत कोर्ट कंपनीला सांगतं, जखमीला आधी पैसे द्या आणि नंतर गाडीमालकाकडून वसूल करा. आमच्या भाषेत ‘पे अँड रिकव्हर’. मालक म्हणजे बाबा. त्यांच्या पेन्शनीतून आणि फंडातून. ते पत्र कसं असतं ते मला तोंडपाठ आहे, कारण तसली पत्रं मीच टाइप करते.

तू म्हणशील, ‘‘अगं, कोपऱ्यावरच तर नेते.’’ मंगळवारी पौड फाटा झाला. त्याआधी एकदा हिंजवडी झालं होतं. पेट्रोलचा काटा आणि गाडीची उभी राहायची जागा, दोन्ही बदललेलं मला दिसतं.

आणि एक गंमत सांगते, तुझ्याच वाक्यावरून. कधीही विचारलं की तू म्हणतेस, ‘‘विचारलं असतं तर तू हो म्हणालीच असतीस ना!’’ मोटार वाहन कायद्यात हे वाक्य जवळजवळ जसंच्या तसं आहे. विनालायसन्स माणसाला मालकाने गाडी चालवू दिली तर कलम 180, मालकाला 5000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चालवणाऱ्याला वेगळं, कलम 181. आणि मालकाने दिलीच नव्हती, न विचारता नेली, तर कलम 197, ते नेणाऱ्यावर. म्हणजे पोलिसाने तुला अडवलं तर बाबांनी काय सांगायचं? ‘मी दिली’ म्हटलं तर ते अडकणार, ‘मी दिली नाही’ म्हटलं तर तू. मात्र 197 मध्ये एक सवलत आहे: मालकाला विचारलं असतं तर त्याने संमती दिली असती असं नेणाऱ्याला खरोखर आणि रास्तपणे वाटत होतं, हे कोर्टाला पटलं तर शिक्षा नाही. बघ, तुझी बाजू संसदेने आधीच मांडून ठेवली आहे.

म्हणून स्पष्ट लिहितेय: विचारलं असतंस तर मी हो म्हटलं नसतं. मंगळवारीही नसतं म्हटलं. पक्कं लायसन्स हातात येईपर्यंत गाडीला उत्तर ‘नाही’ आहे, दवाखान्याची घाई असली तरी. रिक्षा कर, पैसे मी देईन. किल्ली आजपासून दाराजवळच्या खिळ्यावर नसेल, माझ्या बॅगेत असेल. तुझ्यापासून लपवली असं समजू नकोस. तिथे टांगलेली किल्ली बघून कुणालाही वाटणारच की घ्यावी, ते मला कळतं.

बाकी दोन गोष्टी कायद्याच्या नाहीत, पण माझ्या लेखी त्या गाडीहून लहानही नाहीत.

इरकल साडी. तुझ्या ऑफिसच्या ट्रॅडिशनल डेला नेलीस, हे मला इन्स्टाग्रामवर कळलं. छान दिसत होतीस, खरंच. पण ती साडी माझी नाही, आईचीसुद्धा नाही, आजीची आहे. आईने मला ‘नेसायला’ दिलेली नाही, ‘ठेवायला’ दिली आहे, कारण सातारच्या घराला ओल येते. कपाटात परत ठेवलीस तेव्हा घडी उलटी होती. आई नेहमी पदर आत दुमडते, त्यामुळे हात लावताच कळलं. उलगडली तर लाल पदराला पिनेने ओढलेले धागे, बोटभर लांब, आणि निऱ्यांवर चहाचा डाग. डागाचं मला एवढं वाटलं नाही. तू काहीच न बोलता ठेवून दिलीस, ते मात्र लागलं. त्या संध्याकाळी आपण दोघींनी एकत्र मॅगी खाल्ली, तू ऑफिसातल्या त्या मॅनेजरची नक्कल केलीस, तासभर गप्पा झाल्या, आणि साडीचा ‘सा’ नाही.

चार्जरचं थोडक्यात सांगते. लॅपटॉपचा चार्जर तू अकोल्याला घेऊन गेलीस आणि त्याच आठवड्यात माझं वर्क फ्रॉम होम होतं. शेजारच्या काकूंच्या मुलाचा आणला, तर त्याची पिन निराळी. शेवटी नवा घ्यावा लागला. आता घरात दोन आहेत, जुना तू ठेव, तो विषय संपला. हेडफोनचं मात्र तसं नाही. ते मी दिवसभर क्लेमवाल्यांशी बोलताना वापरते आणि कानाला लागणारी वस्तू मला कुणाशीही वाटून घ्यायला आवडत नाही. सख्ख्या बहिणीशीही नाही.

मला माहीत आहे तुमच्याकडे कसं असतं. मी अकोल्याला आले होते तेव्हा पाहिलंय की तिघी बहिणींचं एकच कपाट, सकाळी जी आधी उठेल तिला चांगला ड्रेस. काकू मलाही म्हणाल्या होत्या, ‘‘घे ना वो, विचारतेस काय!’’ तुझ्या घरात विचारणं हेच परकेपणाचं लक्षण असेल. माझ्या घरात उलट आहे. आई माझी ओढणी घेताना आजही मला फोन करते, मी पुण्यात असताना, ओढणी साताऱ्यात असताना. मला ते लहानपणी हास्यास्पद वाटायचं. कुणाचं बरोबर हे ठरवत बसायचं नाही. पण वस्तू माझ्या आहेत, तर रीतही माझी चालू दे.

आणि तू चिकट नाहीस हेही मला माहीत आहे. मी डेंग्यूने पडले होते तेव्हा तू दवाखान्यातल्या त्या लोखंडी खुर्चीवर रात्री काढल्यास, बिलाचे पैसे भरलेस आणि महिनाभर मागितले नाहीत. ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण तो हिशेब या हिशेबात मिळवू नकोस. तसं झालं तर मला तुझी मदत घ्यायचीच भीती वाटेल.

तर मला हवंय ते असं. गाडीचं वर सांगितलंच. माझ्या कपाटाचा खालचा कप्पा, म्हणजे टी-शर्ट, ट्रॅक पँट, रोजचे कुर्ते, हे तू न विचारता घे, फक्त धुऊन ठेव. वरच्या कप्प्यातलं काहीही हवं असेल तर आधी विचार आणि उत्तर येईपर्यंत थांब. ‘‘घेतेय गं’’ असा मेसेज टाकून घेणं म्हणजे विचारणं नव्हे, कारण तोवर वस्तू दाराबाहेर गेलेली असते. मी मीटिंगमध्ये असेन आणि उत्तर आलं नाही, तर ते ‘नाही’ समज. आणि काही फाटलं, सांडलं, तुटलं तर त्याच दिवशी सांग. मी चिडेन, तासाभराने उतरेल. महिन्याने कपाटात सापडलं की उतरत नाही.

ई-चलनाचे पैसे तू भर, लिंक खाली पाठवतेय. बाबा तेवढे भरतील, बोलणारही नाहीत, म्हणूनच त्यांना भरू द्यायचे नाहीत. साडीचा डाग मी ड्रायक्लीनरला दाखवते. पदराचे धागे रफूवाल्याकडे न्यायचं काम तुझं. लक्ष्मी रोडला दोघं-तिघं बसतात, इरकल आहे आणि रेशीम ओढलं गेलंय एवढं सांग, त्यांना समजतं. आईला मी अजून सांगितलेलं नाही. संक्रांतीला घरी जाईन तेव्हा सांगेन, तोवर पदर नीट झालेला असला तर बरं.

लायसन्सचं मात्र आता मनावर घे. लर्निंग परत आधारवरून घरबसल्या ऑनलाइन निघतं, परीक्षाही तिथेच, तुला अर्धा तास पुरेल. त्यानंतर 30 दिवस झाले की पक्क्याची टेस्ट देता येते. तेवढ्या दिवसांत रविवारी सकाळी मी मागे बसते, पुढेमागे लाल ‘एल’ लावू, आणि म्हात्रे पुलापलीकडे नदीकाठचा रस्ता रिकामा असतो तिथे तू चालव. टेस्टला गाडी माझीच ने. विचारून.

याला मेसेजवर उत्तर लिहीत बसू नकोस. उद्या मी सातपर्यंत येते. राग आला असेल तर तेव्हा बोल, ऐकून घेईन. आणि आज सिलेंडरवाला येणार आहे, पुस्तक फ्रिजवर आहे.

— ऋतुजा