विषय: चांदवड कांदाचाळ प्रस्तावाचा कच्चा मसुदा – शुक्रवार, १६ जानेवारीपर्यंत तुमचं मत हवं आहे

नमस्कार वैशालीताई,

कांदाचाळ प्रस्तावाचा मसुदा सोबत जोडला आहे. एकूण सोळा पानं आहेत, पण पान ४ ते ९ आणि शेवटचं अंदाजपत्रक एवढंच वाचलंत तरी चालेल. बाकी संस्थेची नेहमीची माहिती आहे.

तुमच्या सूचना शुक्रवारी, १६ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत मिळाल्या तर शनिवार-रविवारी दुरुस्त्या करून सोमवारी, १९ तारखेला प्रस्ताव कंपनीकडे पाठवता येईल. मध्ये संक्रांत आहे आणि तुम्ही येवल्याला घरी असाल, हे माहीत असूनही घाई करतोय. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये काढणीला येतो. त्याआधी चाळी उभ्या राहिल्या नाहीत, तर या गावांचं आणखी एक वर्ष जाईल.

थोडक्यात मागणी अशी: तीन गावांत २५ टनांच्या १२ चाळी, प्रत्येकी खर्च २ लाख ४० हजार. त्यातला चौथा हिस्सा शेतकऱ्याचा, उरलेले २१ लाख ६० हजार कंपनीकडून.

मला सगळ्यात जास्त अडलंय ते पान ५ वर. चाळीमुळे 'साठवणुकीतलं नुकसान निम्म्यावर येईल' असं मी लिहिलंय आणि ते लिहिल्यापासून मन खातंय. नुकसान तीन प्रकारचं: वजनातली घट, सड आणि कोंब येणं. हवा खेळती राहिली की सड कमी होते, हे आपण पाहिलंय. पण कांदा सुकून वजन घटतंच, ते चांगल्या चाळीतही पूर्ण थांबत नाही. तेव्हा एकच आकडा देण्याऐवजी तिन्ही वेगवेगळे मांडू का, आणि हमी फक्त सडीपुरती देऊ का? तुम्ही आधीच्या प्रकल्पाचा अहवाल लिहिला होता, कंपनीवाले अशा वेळी काय विचारतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्याच पानावर ऑगस्टमधला प्रसंग आहे. त्या शेतकऱ्याने पत्र्याच्या बंद शेडमध्ये जमिनीवरच रास घातली होती. वरचा कांदा लालभडक, कोरडा. फावड्याने खालचा थर उकरला तर काळं पाणी सुटलेलं. ८० क्विंटल ठेवला होता, विकायला ४९ निघाला. त्याच्या आईने नासलेला कांदा पाटीत भरताना एक शब्द काढला नाही. दोन दिवस माझ्या हाताचा वास गेला नव्हता. प्रसंग ठेवावा असं मला वाटतं, पण एका घराचा आकडा सगळ्या गावाचा म्हणून वाचला जाणार नाही ना? तसं वाटत असेल तर वाक्य कसं फिरवू, ते सांगा.

दुसरा प्रश्न शेतकऱ्याच्या हिश्श्याचा. ६० हजार रोख हे दोन एकरवाल्याला झेपणारं नाही आणि खरी गरज त्यालाच आहे. बांबू, मुरूम आणि घरची मजुरी यांची किंमत हिश्श्यात धरावी, असं मी पान ८ वर सुचवलंय. तुमच्या बचत गटांच्या कामात असं धरलेलं हिशेबनीसांनी मान्य केलं होतं का? केलं असेल तर कोणते कागद ठेवले होते? इथे मला तुमच्या अनुभवाचाच आधार आहे.

तिसरा प्रश्न छोटा आहे. दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम लांबीची घ्यायची, असं आपण सगळीकडे सांगतो आणि आराखडाही तसाच आहे. पण एका गावात मिळालेली जागा दक्षिणोत्तर लांबट आहे. तिथे एकपाखी घ्यावी की जागा बदलायला सांगावी?

आणि प्रशिक्षणाची रक्कम. काढणीआधी पाणी तोडणं, पातीसकट सुकवणं, मान अगदी बुडापासून न कापणं हे झालं नाही तर चाळ कितीही चांगली असो, कांदा टिकणार नाही. म्हणून ती ओळ मी वगळणार नाही. फक्त ९० हजार जास्त वाटतात का, एवढं सांगा.

भाषेच्या, शुद्धलेखनाच्या चुका आत्ता बघू नका, ते मी शेवटी करणार आहे. फाइलमध्येच शेरे लिहिलेत तरी चालेल, नाहीतर व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा, मी उतरवून घेईन. रोज रात्री आठनंतर मी फोनवर मोकळा असतो.

या आठवड्यात वेळ निघणार नसेल तर मनात काही न ठेवता सोमवारी, १२ तारखेपर्यंत कळवा, म्हणजे मी दुसऱ्या कुणाला तरी विचारेन. पण तेव्हाही हिश्श्याच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुमच्याकडूनच हवं आहे.

संक्रांतीच्या शुभेच्छा. काकूंना नमस्कार सांगा.

नितीन
नाशिक कार्यालय, शनिवार, १० जानेवारी