विषय: १५० एएच बॅटऱ्यांची क्षमता कमी भरल्याबाबत

दि. २१ एप्रिल
बार्शी

मा. विक्री व्यवस्थापक यांस,
स.न.वि.वि.

४ एप्रिलला आपल्याकडून १५० एएचच्या ट्युब्युलर बॅटऱ्या १२ नग आल्या. त्यातल्या पाच विकल्या आणि आठवड्यात तीन गिऱ्हाईकं दुकानात परत आली. एकाचा दोन पंखे-तीन दिव्यांचा बॅकअप चार तासांतच संपतो.

म्हणून शिल्लक सातपैकी दोन नग मी स्वतः तपासले. पूर्ण चार्ज केले, हायड्रोमीटरने प्रत्येक सेल पाहिला, मग साडेसात ॲम्पियरचा लोड लावला. लेबलवर सी-२० लिहिलंय, म्हणजे १०.५ व्होल्टपर्यंत उतरायला वीस तास लागायला हवेत. एक चौदा तासांत उतरली, दुसरी साडेतेरा. हिशेब १०५ आणि १०१ एएचचा होतो. नवी बॅटरी दोन-चार सायकलनंतर थोडी सुधारते हे मलाही ठाऊक आहे, पण पंचेचाळीस एएच नाही हो!

आपला माणूस आठ दिवसांत पाठवा, चाचणी त्याच्यासमोर पुन्हा करू. बाराही नग बदलून द्या, नाहीतर क्रेडिट नोट द्या. तोवर उरलेलं बिल थांबवलं आहे. बिलाची प्रत, तासागणिक व्होल्टेजची नोंद आणि लेबलांचे फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपला,
दुकानमालक