एरंडेल तेलाची श्यानता: मिश्र एककांच्या तक्त्यावरून सोडवलेले उदाहरण

प्रश्न. उभ्या काचनळीत 30 °C तापमानाचे एरंडेल तेल भरून त्यात बॉल बेअरिंगची एक पोलादी गोळी सोडली. गोळीचा वेग स्थिर झाल्यावर दोन खुणांमधले अंतर कापायला तिला लागलेला वेळ स्टॉपवॉचने मोजला. नोंदी अशा:

| राशी | चिन्ह | नोंदवलेली किंमत |
|---|---|---|
| गोळीचा व्यास (स्क्रू गेज) | d | 2.00 mm |
| पोलादाची घनता | ρ | 7.80 g/cm³ |
| तेलाची घनता | σ | 960 kg/m³ |
| नळीचा आतला व्यास (व्हर्नियर) | D | 5.00 cm |
| खुणांमधले अंतर | s | 30.0 cm |
| सरासरी वेळ | t | 9.90 s |
| गुरुत्व त्वरण | g | 9.80 m/s² |

(अ) नळीच्या भिंतीची दुरुस्ती धरून तेलाचा श्यानता गुणांक काढा. (आ) स्थिर वेगाने पडणाऱ्या गोळीवर तेलाचा विरोध किती? (इ) 20 °C ला एरंडेल तेलाची श्यानता 9.86 पॉईज असते. त्या तापमानाला हीच गोळी हेच अंतर किती वेळात कापेल? घनतेतला बदल सोडून द्या.

सूत्रे:

```
η' = 2 r² (ρ − σ) g / (9 v)
η  = η' / (1 + 2.4 r/R)
```

पहिले स्टोक्सचे सूत्र, दुसरी लाडेनबर्गची दुरुस्ती. r गोळीची त्रिज्या, R नळीची.

उत्तर. तक्ता असा का दिसतो ते आधी पाहू. स्क्रू गेज मिलिमीटरमध्ये वाचतो, व्हर्नियर सेंटिमीटरमध्ये, पोलादाची घनता बहुतेक पुस्तकांत ग्रॅममध्ये छापलेली असते आणि g चे 9.8 शाळेपासून पाठ असते. नोंद जशी वाचली तशीच लिहिणे योग्यच आहे. घाईने मनातल्या मनात बदलून लिहिलेला आकडा पुढे तपासता येत नाही. म्हणून मूळ तक्त्याला हात लावायचा नाही. शेजारी नवा रकाना काढायचा आणि सूत्रात आकडे घालायचे ते फक्त त्या रकान्यातले.

आपण एसआय पद्धत घेऊ.

| चिन्ह | एसआयमध्ये |
|---|---|
| r = d/2 | 1.00 × 10⁻³ m |
| ρ | 7800 kg/m³ |
| σ | 960 kg/m³ |
| R = D/2 | 2.50 × 10⁻² m |
| s | 0.300 m |
| t | 9.90 s |
| g | 9.80 m/s² |

घनतेपाशी जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. ग्रॅमचा किलोग्रॅम करताना हजाराने भागतो, एवढे लक्षात राहते आणि 7.80 चे 0.0078 होऊन बसते. पण खाली घनसेंटिमीटर आहे:

```
1 g/cm³ = 10⁻³ kg / (10⁻² m)³
        = 10⁻³ / 10⁻⁶ kg/m³
        = 1000 kg/m³
```

अंश हजारपट लहान झाला, छेद दहा लाखपट लहान झाला, म्हणून आकडा हजारपट वाढला. पाण्याची घनता 1 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आणि 1000 किलोग्रॅम प्रति घनमीटर, ही जोडी डोक्यात असली की हा गुणाकार चुकत नाही.

(अ) आता मांडणी:

```
v  = 0.300 / 9.90 = 0.0303 m/s
ρ − σ = 7800 − 960 = 6840 kg/m³

η' = 2 × (1.00×10⁻³)² × 6840 × 9.80 / (9 × 0.0303)
   = 0.1341 / 0.2727
   = 0.492 Pa·s

1 + 2.4 r/R = 1 + 2.4 × (0.00100 / 0.0250) = 1.096

η  = 0.492 / 1.096 = 0.449 Pa·s
```

हेच सीजीएसमध्ये करून पाहू. r = 0.100 सेमी, घनतेतला फरक 7.80 − 0.96 = 6.84, g = 980, v = 3.03 सेमी/से:

```
η' = 2 × (0.100)² × 6.84 × 980 / (9 × 3.03) = 4.92 P
η  = 4.92 / 1.096 = 4.49 P
```

एक पास्कल-सेकंद म्हणजे दहा पॉईज, तेव्हा दोन्ही उत्तरे जुळली. 30 °C ला एरंडेल तेलाची श्यानता कोष्टकांत 4.51 पॉईज दिलेली असते. आपले उत्तर तिच्या अगदी जवळ आहे.

या उदाहरणातल्या काही चुका स्वतःच ओरडून सांगतात. घनता न बदलता वजाबाकी केली तर 7.80 − 960 ऋण येते, म्हणजे गोळी वर तरंगत जायला हवी! सीजीएसमध्ये काम करताना g चे 9.80 तसेच ठेवले तर उत्तर शंभरपट लहान येते, एरंडेल तेलाची श्यानता साध्या पातळ द्रवासारखी दिसू लागते आणि शंका येते.

खरी भीती r/R ची. या गुणोत्तराला एकक नाही, म्हणून ते बदलायची गरज नाही, असे वाटते आणि तक्त्यातून सरळ 1.00 भागिले 2.50 केले जाते. पण एक मिलिमीटर आहे, दुसरा सेंटिमीटर. मग दुरुस्तीचा घटक 1.096 ऐवजी 1.96 होतो आणि श्यानता 0.251 येते. त्याहून वाईट म्हणजे r मीटरमध्ये आणि R सेंटिमीटरमध्ये राहिला तर घटक 1.00096, म्हणजे दुरुस्ती केल्यासारखीच नाही, आणि उत्तर 0.491. हे दोन्ही आकडे अंदाजाला पटतात, दशांशचिन्ह कुठे भलतीकडे गेलेले नाही, परीक्षकालाही ओझरते पाहून कळणार नाही. एकक नसलेल्या गुणोत्तरातही वरची आणि खालची लांबी एकाच एककात असली तरच एकक कटते. म्हणूनच R सुद्धा नव्या रकान्यात लिहिला.

स्टोक्सचे सूत्र इथे चालते का, तेही बघून घेऊ. रेनॉल्ड्स अंक:

```
Re = σ v d / η = 960 × 0.0303 × 0.00200 / 0.449 = 0.13
```

एकपेक्षा बराच कमी, तेव्हा चालते.

(आ) वेग स्थिर आहे, म्हणून तेलाचा विरोध म्हणजे गोळीचे वजन वजा उत्प्लावक बल:

```
F = (4/3) π r³ (ρ − σ) g
  = 4.19 × 10⁻⁹ × 6840 × 9.80
  = 2.81 × 10⁻⁴ N
```

एक न्यूटन म्हणजे 10⁵ डाइन, त्यामुळे हे 28.1 डाइन. इथे भिंतीची दुरुस्ती वेगळी लावायची नाही. भिंतीमुळे वेग कमी झाला, पण स्थिर वेगाला विरोधाने तोलायचे बल तेवढेच राहते.

(इ) गोळी, नळी आणि अंतर तेच, म्हणून वेळ श्यानतेच्या सम प्रमाणात बदलतो. प्रश्नात 20 °C ची किंमत पॉईजमध्ये आहे आणि आपले मुख्य उत्तर पास्कल-सेकंदात. 9.86 ला तसेच 0.449 ने भागून 9.90 ने गुणले तर 217 सेकंद येतील, साडेतीन मिनिटांहून जास्त. आधी 9.86 पॉईज = 0.986 पास्कल-सेकंद:

```
t = 9.90 × 0.986 / 0.449 = 21.7 s
```

तापमान दहा अंशांनी उतरले की गोळीला दुपटीहून जास्त वेळ लागतो. प्रयोग करताना तेलात थर्मामीटर ठेवायचा आणि वेळेच्या प्रत्येक नोंदीशेजारी तापमानही लिहायचे, ते यासाठीच.