पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त मनोगत

आदरणीय वडीलधारी मंडळी आणि माझ्या लाडक्या मुलांनो,

आज एकेकाचे नाव घेऊन आभार मानले, तर मनातले राहूनच जाईल. म्हणून एकाच गोष्टीविषयी बोलते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला, तेव्हा मी लातूरला बारावीत शिकत होते. गणपती विसर्जनाची ती रात्र होती. गावातले आपले दगडमातीचे घर पडले, घरची माणसे मात्र वाचली, आणि तेवढे भाग्य आपल्या भागात फार थोड्यांना लाभले. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढताना, पोरीला परत बोलावून घ्या, असे कितीतरी जणांनी सुचवले, आणि त्यांचेही चुकत नव्हते. पण आपल्या घरात कोणीही तो विषय माझ्यापर्यंत येऊ दिला नाही, उलट दर महिन्याला खोलीचे भाडे आणि धान्य वेळेवर पोहोचत राहिले.

त्यासाठी कोणी काय विकले, कोणाचे शिक्षण लांबले, हे मला नोकरी लागल्यानंतर तुकड्यातुकड्यांनी कळले. लग्नानंतर सासरीही हाच मोठेपणा भेटला. माझ्या शाळेच्या वेळा पाहून तिथल्या स्वयंपाकघराने आपल्या वेळा बदलल्या.

आज गणित शिकवताना समोर एखादी मुलगी शिक्षण सोडायला निघालेली दिसली, की मी तिच्या घरी जाते. ते बळ तुम्ही दिलेले आहे, आणि त्याबद्दल मी तुम्हा सर्वांची मनापासून ऋणी आहे.

पाने वाढली आहेत. आधी मोठ्यांनी बसावे, ही विनंती.